स्नेहसंमेलनातलं मुख्याध्यापकांचं भाषण: घोषवाक्यं काढून बोलल्यासारखं कसं करावं

स्नेहसंमेलनाचं भाषण सोपं करायला बसलं की बहुतेक जण जुनं भाषण समोर घेतात आणि त्यातले जड शब्द बदलत जातात. 'कटिबद्ध'चं 'बांधील' होतं, 'सर्वांगीण विकास'चं 'सगळ्या बाजूंनी वाढ' होतं. शेवटी हातात येतं ते तेच भाषण, फक्त हलक्या शब्दांतलं. ऐकणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही, कारण मुळात त्या वाक्यांत घडलेलं असं काही नव्हतंच. म्हणून काम या क्रमाने करावं: आधी मजकूर बदलायचा, मग भाषा, मग कागद, आणि शेवटी तालीम. भाषेपासून सुरुवात केली की जी वाक्यं नंतर काढूनच टाकायची आहेत, त्यांच्यावरच दोन संध्याकाळी जातात.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच नमुना घेऊ. शाळा काल्पनिक आहे, पण भाषण ओळखीचं वाटेल:

> आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय मान्यवर, पालक बंधू-भगिनींनो आणि माझ्या प्रिय विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या मंगलप्रसंगी आपणा सर्वांचे स्वागत करताना मला अत्यंत आनंद होत आहे. आमची शाळा ही विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव कटिबद्ध आहे. वाचनसंस्कृती रुजविण्याच्या उद्देशाने यावर्षी 'वाचाल तर वाचाल' हा नावीन्यपूर्ण उपक्रम राबविण्यात आला व त्यास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. आजचा विद्यार्थी हा उद्याच्या समाजाचा आधारस्तंभ आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनी उत्तुंग भरारी घ्यावी, अशी मी सदिच्छा व्यक्त करतो.

## पायरी १: वेळ ठरवा, आणि भाषणात काय येणार नाही तेही ठरवा

माइकवर सावकाश, सगळ्यांना कळेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. खोलीत बसून मनातल्या मनात वाचताना हाच वेग याच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणूनच घरी 'पाच मिनिटांचं' वाटलेलं भाषण मंचावर बारा मिनिटं चालतं. सहा मिनिटं बोलायचं असेल तर ५५० शब्द लिहा. उरलेला वेळ थांबण्यात, टाळ्यांत आणि माइक नीट करण्यात जातो.

५५० शब्दांत दोन विषय नीट बसतात. तीन घेतले की प्रत्येकाचं एकेक वाक्य होतं, आणि एका वाक्यात सांगितलेला उपक्रम पुन्हा घोषवाक्यच बनतो.

मग कार्यक्रमपत्रिका बघा. अहवालवाचन वेगळं असेल तर निकालाची टक्केवारी, स्पर्धांतली बक्षिसं, नवीन खोल्या हे सगळं तिकडे जाऊ द्या. आभारप्रदर्शन वेगळं असेल तर आभारही तिकडे. बहुतेक भाषणं लांबतात ती इथेच. आधी अहवालात वाचलेलं, नंतर आभारात येणार असलेलं, असं सगळं मधल्या भाषणात पुन्हा म्हटलं जातं. अहवाल कोण वाचणार आहे त्यांच्याकडून मसुदा मागून घ्या आणि त्यात असलेली प्रत्येक गोष्ट आपल्या भाषणातून खोडा.

तपासणी: भाषण संपल्यावर पालक घरी जाताना एकमेकांना कोणती दोन वाक्यं सांगतील, ते कागदावर लिहा. ती लिहिता येत नसतील तर अजून विषय ठरलेला नाही. पुढे जाऊ नका.

## पायरी २: घोषवाक्यं शोधा

जुन्या भाषणाची छापील प्रत आणि एक पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: या वाक्यात दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव घातलं तरी ते तसंच खरं राहतं का? 'आमची शाळा सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे' हे वाक्य जगातली कुठलीही शाळा म्हणू शकते. त्याखाली रेघ.

दुसरा प्रश्न: या वाक्याच्या उलट कुणी कधी म्हणेल का? 'आजचा विद्यार्थी उद्याच्या समाजाचा आधारस्तंभ नाही' असं मंचावरून कुणीच म्हणणार नाही. ज्या वाक्याला विरोध होऊच शकत नाही, त्यातून माहितीही मिळत नाही. त्याखालीही रेघ.

आपल्या नमुन्यात या दोन प्रश्नांतून एकच वाक्य अर्धंमुर्धं वाचतं, ते म्हणजे वाचनाच्या उपक्रमाचं. निदान तिथे या शाळेत या वर्षी काहीतरी घडलं आहे. बाकीचं सगळं रेघांखाली जातं. हे बघून दचकायला होतं, आणि मग एकेक वाक्य वाचवण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. भाषणातलं एक घोषवाक्य तसंच ठेवलं की त्याच्या आजूबाजूची खरी वाक्यंही श्रोते अर्धवटच ऐकतात. त्या सुराची सवय झालेली असते, आणि तो सूर कानावर आला की लक्ष उडतं.

सावधान: घोषवाक्याच्या जागी सुविचार किंवा कवितेच्या दोन ओळी घालू नका. त्या कितीही चांगल्या असल्या तरी वरच्या पहिल्या प्रश्नावर त्याही नापास होतात.

## पायरी ३: रेघ मारलेल्या वाक्यामागे काय घडलं, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एखादा आठवडा राखून ठेवा, कारण माहिती तुमच्या टेबलावर नसते. ती ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांकडे, शिपाई मामांकडे, खेळाच्या तासाला असणाऱ्या बाईंकडे असते.

त्यांना 'उपक्रम कसा झाला?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'छान झाला सर, मुलांचा प्रतिसाद चांगला होता.' म्हणजे प्रश्नच घोषवाक्याचा होता, उत्तरही तसंच आलं. प्रश्न असे विचारा की उत्तरात वस्तू आणि माणसं आलीच पाहिजेत:

- आधी कसं होतं आणि नेमकं काय हललं?
- पहिल्या महिन्यात काय चुकलं?
- मुलं काय करताना दिसली, जे आधी करत नव्हती?
- आज त्यात काय अडतंय?

दुसरा आणि चौथा प्रश्न लोक गाळतात. स्नेहसंमेलन आहे, चुका कशाला सांगायच्या, असं वाटतं. पण 'काय चुकलं आणि मग काय केलं' हे ऐकल्यावरच बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो. शिवाय गोष्ट पुढे सरकते ती अडचणीमुळेच. सगळं सुरळीत झालं तर 'उपक्रम राबवला, प्रतिसाद मिळाला' याच्या पलीकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

आपल्या नमुन्यातल्या शाळेत हे प्रश्न विचारल्यावर, समजा, अशी माहिती मिळाली. पुस्तकांचं कपाट आधी शिक्षकांच्या खोलीत कुलूपबंद होतं आणि पुस्तक फक्त शुक्रवारच्या तासाला मिळायचं. या वर्षी कपाट जिन्याखाली ठेवलं आणि कुलूप काढलं. शेजारी दोरीने बांधलेली वही आहे, मुलं स्वतःच नाव लिहितात. पहिले दोन महिने गोष्टींची पुस्तकं वरच्या कप्प्यात होती, तिथे लहान मुलांचा हातच पोचत नव्हता. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं तेव्हा ते लक्षात आलं आणि कप्पे बदलले. ४१२ पुस्तकांपैकी १४ सध्या सापडत नाहीत.

आता 'वाचनसंस्कृती' हा शब्द वापरायची गरजच उरत नाही. दोरीने बांधलेली वही आणि वरचा कप्पा पुरे आहेत.

सावधान: मुलाचं नाव घ्यायचं असेल तर मुलाला आणि त्याच्या पालकांना आधी विचारा. कौतुकासाठी नाव घेतानाही घरची परिस्थिती, आजारपण, आधीचे कमी गुण यांचा उल्लेख करू नका. 'ज्याला वाचता येत नव्हतं तो आज...' असं वाक्य सगळ्या गावासमोर त्या मुलाला चिकटतं आणि वर्षभर निघत नाही. 'दुसरीतली एक मुलगी' एवढं पुरतं.

## पायरी ४: आधी बोला, मग लिहा

मिळालेली माहिती एका चिठ्ठीवर पाच-सहा शब्दांत टिपा: कपाट, कुलूप, वही, वरचा कप्पा, १४ पुस्तकं. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि ज्यांना यातलं काही माहीत नाही अशा एका माणसाला हे सांगा. घरातलं कुणी चालेल, दुसऱ्या शाळेतले मित्र चालतील. भिंतीला सांगू नका. समोर माणूस नसला की आवाज आपोआप भाषणाचा होतो.

मग रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवून घ्या, अडखळणंसुद्धा. हा तुमचा पहिला मसुदा. यात वाक्यं तुटलेली असतील, 'म्हणजे' दहा वेळा आलेला असेल, पण क्रम बरोबर असेल. समोरच्याला कळावं म्हणून आधी काय सांगावं लागतं हे तोंडाला ठाऊक असतं, ते पेनाला पटकन सुचत नाही. समोरच्याने मध्येच 'म्हणजे कुणीही पुस्तक घेऊन जाऊ शकतं?' असं विचारलं असेल तर तेही टिपा. तो प्रश्न मंचासमोर बसलेल्या शंभर जणांच्या मनात येणार आहे, तेव्हा त्याचं उत्तर त्याच जागी यायला हवं.

## पायरी ५: लिहिलेली मराठी बोलती करा

उतरवलेला मजकूर नीटनेटका करताना हात परत कार्यालयीन मराठीकडे वळतो. चार ठिकाणी लक्ष ठेवा.

क्रियापदाची वाट बघायला लावू नका. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाचणारा डोळा मागे-पुढे फिरवू शकतो, ऐकणाऱ्याला ते जमत नाही. 'जिन्याखाली ठेवण्यात आलेल्या कपाटातील पुस्तके नियमितपणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येत वाढ झाली आहे' या वाक्यात काय झालं ते अगदी शेवटी कळतं, आणि तोवर कपाट विसरलेलं असतं. हे तोडा: 'कपाट जिन्याखाली आलं. आता मुलं रोज पुस्तक घेतात.' एका वाक्यात बारा-पंधरा शब्द आणि शक्यतो एकच क्रियापद. '-लेल्या', '-णाऱ्या' असे दोन शब्द एकाच वाक्यात दिसले की ते वाक्य फोडायचं असं समजा.

कर्ता परत आणा. 'उपक्रम राबविण्यात आला', 'वाटप करण्यात आले', 'कार्यक्रम संपन्न झाला' या रचना अहवालात शोभतात. बोलताना कुणी असं म्हणत नाही. कुणी केलं ते सांगा: 'कपाट मामांनी आणि नववीच्या मुलांनी खाली आणलं.' कुणी केलं हे आठवतच नसेल तर बहुधा ते वाक्य भाषणात असायची गरज नाही. 'आमची शाळा ही' आणि 'आजचा विद्यार्थी हा' यांतले 'ही' आणि 'हा' सुद्धा काढा. ते फक्त भाषणाचा सूर लावण्यापुरते असतात.

आम्ही आणि आपण यांत गल्लत नको. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. हा फरक मराठी कानाला लगेच टोचतो. पालकांसमोर सतत 'आमची शाळा' म्हटलं की ते पाहुणे ठरतात, म्हणून 'आपली शाळा' म्हणा. पण चूक सांगताना उलट करा. 'आपण पुस्तकं चुकीच्या कप्प्यात ठेवली' म्हटलं तर चूक श्रोत्यांच्याही गळ्यात पडते. तिथे 'आम्ही ठेवली' हेच प्रामाणिक आहे. आदरार्थी 'आपण'ही टाळावा, कारण एकाच भाषणात दोन अर्थांचे 'आपण' आले की गोंधळ होतो. पालकांना 'तुम्ही' म्हणण्यात अनादर नाही.

जसं बोलता तसं लिहा, अनुस्वारासकट. कागदावर 'कपाट आणले, कुलूप काढले' असं असेल तर वाचताना तोंडातून तसंच निघतं, आणि दोन वाक्यांत सूर वाचनाचा होतो. कागदावरच 'आणलं, काढलं, पुस्तकं, असं, मुलीनं' लिहा. 'व'चं 'आणि', 'परंतु'चं 'पण', 'तसेच'चं 'शिवाय' किंवा सरळ पूर्णविराम.

सावधान: हे काम संगणकावर सरसकट बदलून करू नका. 'काम झाले'चं 'काम झालं' होतं, पण 'कार्यक्रम झाले' आणि 'मुलगे आले' हे पुल्लिंगी अनेकवचन आहे, ते तसंच राहतं. सरसकट बदलल्यावर 'तीन सामने झालं' असं काहीतरी कागदावर येतं आणि मंचावर जीभ अडखळते.

उलट्या टोकालाही जाऊ नका. बोलल्यासारखं म्हणजे गप्पा मारल्यासारखं नव्हे. 'बरं का', 'काय म्हणता' यांची पेरणी, मुलांची सध्याची बोली उसनी घेणं, 'आवाज येत नाही, मोठ्यांदा म्हणा' असं ओरडून घेणं, हे सगळं खोटं वाटतं. शाळेत वर्गावर जाऊन मुलांना एखादी सूचना नीट समजावून सांगताना तुमची जी भाषा असते, तीच इथे हवी.

## पायरी ६: तुकडा बांधा

आता पायरी ३ ची माहिती आणि पायरी ५ ची भाषा एकत्र आणली की नमुन्याचं असं होतं:

> नमस्कार. मागे उभ्या असलेल्या पालकांनी पुढे या, उजवीकडे खुर्च्या रिकाम्या आहेत.
>
> मुलांनो, जिन्याखालचं कपाट तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईबाबांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो.
>
> मागच्या वर्षीपर्यंत आपल्या शाळेची गोष्टींची पुस्तकं शिक्षकांच्या खोलीत होती. कपाटाला कुलूप होतं. पुस्तक हवं असेल तर शुक्रवारच्या तासाची वाट बघायची. या वर्षी मामांनी आणि नववीच्या मुलांनी ते कपाट जिन्याखाली आणलं, आणि आम्ही कुलूप काढून टाकलं. शेजारी एक वही दोरीनं बांधली आहे. पुस्तक घ्यायचं, वहीत नाव लिहायचं, वाचून झालं की परत ठेवायचं. कुणाला विचारायचं नाही.
>
> पहिले दोन महिने आमची एक चूक झाली. गोष्टींची पुस्तकं आम्ही सगळ्यात वर ठेवली होती आणि जाडजूड शब्दकोश खाली. दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, वरची पुस्तकं मोठ्यांचीच आहेत का?" तेव्हा आमच्या लक्षात आलं, की लहान मुलांचा हात तिथे पोचतच नाही. त्याच दिवशी कप्पे बदलले.
>
> गेल्या आठवड्यात बाईंनी पुस्तकं मोजली. चारशे बारापैकी चौदा सापडत नाहीत. घरी कुठे असतील तर आणून ठेवा, कुणी काही विचारणार नाही. कपाटाला मात्र परत कुलूप लावायचं नाही, हे आम्ही ठरवलं आहे.

हा तुकडा मंचावर सावकाश बोललं तर दीड-पावणेदोन मिनिटं चालतो. म्हणजे पहिल्या भाषणातल्या एका वाक्याला एवढी जागा लागली. म्हणूनच पायरी १ मध्ये दोनच विषय ठेवले होते.

काय काय गेलं ते बघा. 'वाचाल तर वाचाल' गेलं, 'उत्स्फूर्त प्रतिसाद' गेला. मुलं वाचतात असं एकदाही म्हटलेलं नाही, तरी ते कळतं. आकडे दोनच आहेत आणि ते अक्षरांत लिहिले आहेत, कारण मंचावरच्या प्रकाशात '४१२' वाचताना क्षणभर थांबावं लागतं, 'चारशे बारा' वाचताना नाही. शेवटी पालकांना आणि मुलांना करण्यासारखी एक गोष्ट दिली आहे. 'उत्तुंग भरारी घ्या' ही विनंती उद्या सकाळी पाळता येत नाही, 'पुस्तक आणून ठेवा' ही येते.

तपासणी: तुकड्यातली विशेषणं मोजा. 'नावीन्यपूर्ण', 'उल्लेखनीय', 'अतुलनीय' यांसारखं एकही नको. 'वरचा', 'जाडजूड', 'रिकाम्या' यांसारखी, डोळ्यांना दिसणारी विशेषणं चालतील.

## पायरी ७: सुरुवात आणि शेवट

मंचावरच्या प्रत्येकाचं नाव आणि पद घ्यायला चार-पाच सेकंद लागतात. बारा जण असतील तर सरळ एक मिनिट गेलं, आणि सूत्रसंचालकांनी ती नावं पाच मिनिटांपूर्वीच घेतलेली असतात. प्रमुख पाहुण्यांचं नाव घ्या, बाकीच्यांना 'मंचावरचे सगळे मान्यवर' म्हणा. संस्थेत सगळी नावं घ्यायचा शिरस्ता असेल तर तो भाषणाच्या दिवशी मोडू नका. आधी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी बोला आणि नावं सूत्रसंचालनात घेतली जातील अशी व्यवस्था करा. ते मान्य झालं नाही, तर नावं पहिल्या मिनिटात सरळ वाचून टाका आणि मग एक श्वास थांबून भाषण सुरू करा.

'मला अत्यंत आनंद होत आहे' या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य शोधत बसू नका. तिथे काहीच नको. नमस्कार केला की लगेच विषय.

शेवट बहुतेकदा असा बिघडतो: विषय संपतो, बोलणाऱ्याला अजून मंचावरून उतरवत नाही, आणि 'तेव्हा विद्यार्थी मित्रांनो' म्हणत काढून टाकलेली घोषवाक्यं परत येतात. उपाय म्हणजे शेवटचं वाक्य आधीच लिहून त्याखाली जाड रेघ मारणं. हे वाक्य कार्यक्रमाकडे नेणारं असलं की उतरणं सोपं जातं: 'पहिलं नाटुकलं तिसरीचं आहे. मुलं पडद्यामागे केव्हाची तयार होऊन उभी आहेत. मी बसतो.'

## पायरी ८: मंचावर न्यायचा कागद

घोषवाक्यं पाठ असतात, त्यामुळे जुनं भाषण बिनकागदाचं करता येत होतं. घडलेली गोष्ट सांगताना क्रम चुकला तर पंचाईत होते, म्हणून या भाषणाला कागद लागतो.

अक्षरं १८ आकाराची, कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर अंतर. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडा. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. कागदाचा खालचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवा, कारण डोळे तळाशी गेले की मान खाली जाते आणि तोंड माइकपासून सरकतं. पानांवर मोठे क्रमांक घाला आणि पानं पिनेने जोडू नका. जोडलेलं पान उलटताना माइकमध्ये खरखर येते, सुटं पान बाजूला सरकवता येतं.

शिवाय एका परिच्छेदाला समासात उभी रेघ मारून ठेवा. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर हा परिच्छेद गाळायचा, हे आधीच ठरलेलं असावं. वरच्या नमुन्यात कप्प्यांची गोष्ट गाळू नका, तोच जीव आहे. गाळायचाच असेल तर दुसरा विषय अख्खा गाळा.

## पायरी ९: तालीम

मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त अडखळण्याच्या जागा टिपा. एकाच जागी दोनदा अडखळलात तर वाक्य बदला. सराव करून ते सुधारत नाही, कारण वाक्य तोंडाला जुळलेलं नसतं. दुसऱ्यांदा वेळ बघा. सात मिनिटांच्या वर गेलं तर वेग वाढवू नका, वाक्यं काढा.

तिसरी वेळ कार्यक्रमाच्याच जागी, माइकवर. माइक तोंडापासून चार-पाच इंचांवर. मोठ्या सभागृहात आवाज भिंतीवरून परत येतो आणि तुमच्याच पुढच्या शब्दावर आदळतो. टाळी वाजवून बघा. आवाज घुमत असेल तर प्रत्येक पूर्णविरामाला मनात 'एक' मोजा. छोटी वाक्यं इथे उपयोगी पडतात, कारण थांबायला जागा वारंवार मिळते. शेवटच्या रांगेत एका शिक्षकांना बसवा आणि नंतर 'कसं वाटलं?' न विचारता 'किती पुस्तकं सापडत नाहीत?' असं विचारा. उत्तर 'चौदा' आलं तर आवाज आणि मजकूर दोन्ही पोचले. नाही आलं तर त्या वाक्याच्या आधी आणि नंतर थांबायची खूण कागदावर करा.

या तालमीनंतर मजकुरात काही घालू नका. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कुणीतरी 'सर, एवढं एक वाक्य घ्या' म्हणत येतंच. त्यांची सूचना सूत्रसंचालकांच्या चिठ्ठीवर लिहून द्या.